ए-टू दुधाचा दावा: रेणूतला फरक खरा आहे, आजारांची भीती कशावर उभी आहे?

प्रश्न: आमच्या सोसायटीत एक गोठेवाले गीर गाईचं ए-टू दूध १२० रुपये लिटरने देतात. ते म्हणतात, पिशवीच्या दुधातल्या ए-वन प्रोटीनमुळे मुलांना डायबेटिस होतो आणि मोठ्यांना हार्टचा त्रास. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. सासऱ्यांना दूध प्यायलं की पोट फुगतं. दोघांसाठी हे दूध सुरू करू का? यामागे खरंच काही पुरावा आहे का?

उत्तर:

मुलासाठी या कारणावरून दूध बदलायची गरज नाही. सासऱ्यांसाठी महिन्याचा रतीब लावण्याआधी घरीच तीन आठवड्यांची एक चाचणी करून बघा. ती कशी करायची ते खाली सविस्तर लिहितो. मी गेली बावीस वर्षं दुग्धव्यवसायात आहे, आधी संकलन केंद्रावर आणि नंतर प्रयोगशाळेत. तुमचे गोठेवाले जे सांगतात त्याचा उगम कुठे आहे, हे कळलं की त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

गाईच्या एक लिटर दुधात साधारण ३२ ते ३३ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातला ऐंशी टक्के भाग केसीनचा, म्हणजे पनीर करताना जे फाटून वर येतं त्याचा. केसीनचेही प्रकार आहेत आणि त्यातलं बीटा-केसीन साधारण एक तृतीयांश भरतं. म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात बीटा-केसीन दोन ग्रॅमच्या आसपास. सगळा वाद या दोन ग्रॅमचा आहे. दुधातली साखर, स्निग्धांश, कॅल्शियम, बाकीची प्रथिनं यांचा ए-वन किंवा ए-टू असण्याशी काही संबंध नाही.

बीटा-केसीन ही २०९ मण्यांची माळ समजा. प्रत्येक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. ए-टू प्रकारात ६७ व्या जागी प्रोलीन नावाचा मणी असतो, ए-वन प्रकारात तिथे हिस्टिडीन असतो. जनुकाच्या पातळीवर एका अक्षराचा फरक आहे, ‘सीसीटी’च्या जागी ‘सीएटी’. आता हा एक मणी बदलल्याने काय होतं? प्रोलीनमुळे माळेला त्या ठिकाणी असा बाक येतो की पचनरसांना तिथे नीट कापता येत नाही. हिस्टिडीन असेल तर कापता येतं. कापलं की ६० ते ६६ या सात मण्यांचा एक तुकडा सुटा होतो. त्याला बीटा-कॅसोमॉर्फिन-७, थोडक्यात बीसीएम-७ म्हणतात. हा तुकडा अफूजन्य औषधं शरीरातल्या पेशींवर ज्या जागी चिकटतात तिथेच चिकटू शकतो, म्हणून नावात ‘मॉर्फिन’ आलं. त्याची पकड मॉर्फिनच्या मानाने फारच दुबळी आहे, पण भीती पसरवायला नाव पुरेसं ठरलं.

इथपर्यंतची गोष्ट खरी आहे. प्रयोगशाळेत ए-वन केसीन पचवून पाहिलं तर बीसीएम-७ जास्त सुटतो. ए-टू मधूनही थोडा सुटतो, पण कमी. प्रश्न पुढचा आहे. तो तुकडा आतड्यात टिकतो का, आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जातो का, आणि गेला तर अपाय होण्याइतका असतो का? आतड्याच्या अस्तरात आणि रक्तातही डीपीपी-४ नावाचं विकर असतं आणि अशा प्रोलीनवाल्या तुकड्यांची मोडतोड करणं हेच त्याचं काम. २००९ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हा सगळा पुरावा एकत्र तपासला. दूध पिण्यातून मिळणारा बीसीएम-७ आणि असंसर्गजन्य आजार यांच्यात कार्यकारणसंबंध दाखवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग डायबेटिस आणि हार्ट आले कुठून? न्यूझीलंडमधून. १९९० च्या दशकात बॉब इलियट या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं की सामोआ बेटांवरच्या मुलांमध्ये टाइप-१ मधुमेह जवळपास दिसत नाही, पण न्यूझीलंडमध्ये वाढणाऱ्या सामोअन मुलांमध्ये तो दिसतो. त्यांनी दुधावर बोट ठेवलं. पुढे वेगवेगळ्या देशांचे आकडे घेऊन त्यांनी दाखवलं की एकूण दुधाशी संबंध जोडला तर फारसं काही हाती लागत नाही, पण ए-वन बीटा-केसीनच्या दरडोई खपाशी जोडला तर आलेख सरळ वर चढतो. २००३ मध्ये हृदयविकार आणि टाइप-१ मधुमेह या दोन्हींसाठी वीसेक देशांचा असाच आलेख न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मधल्या काळात, २००० मध्ये, कॉरन मॅकलाक्लन या संशोधकाच्या पुढाकाराने ए-टू दूध विकणारी कंपनी तिथे उभी राहिली. ए-वन आणि हृदयविकार यांचा आलेख मांडणाऱ्यांमध्ये मॅकलाक्लन स्वतःही होते. म्हणून त्यांचं म्हणणं आपोआप खोटं ठरत नाही, पण पडताळणी दुसऱ्या कोणीतरी केलेली असावी असं मात्र आपण म्हणू शकतो.

देशादेशांच्या आलेखाची अडचण अशी. फिनलंडमध्ये मुलांमधला टाइप-१ मधुमेह जगात सर्वाधिक आहे आणि तिथे दूधही भरपूर पितात. पण फिनलंड उत्तरेला आहे, तिथे ऊन कमी, लोकांची जनुकं वेगळी, संसर्गाचं चित्र वेगळं. जे देश दुभत्या युरोपीय गाई पाळतात ते बहुतेक थंड आणि श्रीमंत आहेत, आणि थंड, श्रीमंत देशांशी जोडलेली कुठलीही गोष्ट या आलेखावर ए-वनइतकीच सरळ चढेल. अशा आलेखातून शंका घ्यायला जागा मिळते. उत्तर मिळवायला प्रयोग करावा लागतो.

प्रयोग झाले. सुरुवातीला मधुमेहप्रवण उंदरांवर एका प्रयोगात ए-वन गटात मधुमेह झाला आणि ए-टू गटात झाला नाही, असं आलं आणि खळबळ उडाली. मग न्यूझीलंड, कॅनडा आणि ब्रिटन अशा तीन देशांत तोच प्रश्न घेऊन, कुठल्या उंदराला काय मिळतंय हे तपासणाऱ्याला कळणार नाही अशा पद्धतीने, प्रयोग पुन्हा केला गेला. २००२ मध्ये निकाल आला आणि ए-टूचं ते संरक्षण काही पुन्हा दिसलं नाही. उलट दूधच नसलेल्या, गव्हावर भर असलेल्या आहारावरच्या प्राण्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण मोठं निघालं. त्यावरून गव्हाला गुन्हेगार ठरवू नका. उंदराच्या एका जातीवरचा निकाल माणसाच्या ताटापर्यंत आणताना किती जपायला हवं, एवढंच मी त्यातून घेतो.

माणसांवरचा या विषयाला सर्वात जवळचा मोठा प्रयोग २०१८ मध्ये पूर्ण झाला. त्याचा विषय ए-वन/ए-टू नव्हता, पण प्रश्न त्याहून मुळाशी जाणारा होता: अख्खं गाईच्या दुधाचं प्रथिन लहानपणी पोटात गेल्याने टाइप-१ मधुमेह होतो का? १५ देशांतली २,१५९ बाळं निवडली. सगळी अशी की घरात कुणाला तरी टाइप-१ मधुमेह आहे आणि बाळाच्या जनुकांतही धोका आहे. वरच्या दुधाची गरज पडली तेव्हा अर्ध्या बाळांना नेहमीची पावडर दिली, अर्ध्यांना केसीन बारीक तोडून केलेली. सरासरी अकरा वर्षांहून अधिक काळ मुलांवर लक्ष ठेवलं. तोडलेल्या प्रथिनाच्या गटात ८.४ टक्के मुलांना मधुमेह झाला, नेहमीच्या गटात ७.६ टक्के. या फरकाला संख्याशास्त्रात काही अर्थ नाही. म्हणजे सर्वात जास्त धोक्यातल्या बाळांनाही केसीन तोडून दिल्याने वाचवता आलं नाही. त्या केसीनच्या ६७ व्या मण्यावर मधुमेहाचं खापर फोडणं मग फार अवघड होतं.

इथे एक गोष्ट तुम्हाला आवर्जून सांगतो, कारण विक्रीच्या बोलण्यात ती नेहमी पुसली जाते. न्यूझीलंडचा मधुमेहाचा सगळा दावा टाइप-१ बद्दल होता. आपल्या घराघरात चाळिशी-पन्नाशीत जो मधुमेह निघतो तो टाइप-२. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. “ए-वनमुळे डायबेटिस होतो” असं ऐकलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे स्वतःची आई किंवा मामा येतात, आणि ज्या आजाराबद्दल तो दावा कधी केलाच गेला नव्हता त्या आजाराच्या भीतीपोटी लोक पैसे मोजतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हृदयविकाराचं लवकर सांगून टाकतो. न्यूझीलंडमध्ये पन्नासहून अधिक प्रौढांना काही आठवडे ए-वनचे आणि काही आठवडे ए-टूचे दुग्धपदार्थ दिले. कोलेस्टेरॉलमध्ये फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात जास्त धोक्याच्या पंधरा जणांना बारा-बारा आठवडे दोन्ही केसीन देऊन रक्तवाहिन्यांचं काम तपासलं. तिथेही नाही. दोन्ही अभ्यास २००६ चे. ते छोटे आहेत आणि वर्षानुवर्षांनंतर काय होईल हे त्यातून कळत नाही, हे खरं. पण दावा करणाऱ्यांच्या बाजूला माणसांवरचा एकही प्रयोग नाही.

आता सासऱ्यांचा विषय. तो जरा वेगळा आहे, कारण पोटाच्या बाबतीत थोडाफार पुरावा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही.

२०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात ४१ जणांवर एक अभ्यास झाला. प्रत्येकाला दोन आठवडे दूध बंद करून तांदळाचं पेय दिलं, मग दोन आठवडे एका प्रकारचं दूध रोज पाऊण लिटर, पुन्हा दोन आठवडे बंद, मग दुसऱ्या प्रकारचं. कुठलं कधी हे पिणाऱ्याला माहीत नाही. शौच किती घट्ट किंवा पातळ हे ब्रिस्टल तक्त्यावर मोजलं. या तक्त्यात १ म्हणजे खडा आणि ७ म्हणजे पाणी. ए-वनवर सरासरी ३.८७ आली, ए-टूवर ३.५६. फरक नोंदवण्याजोगा आहे, पण तक्ता डोळ्यापुढे आणा: तीन आणि चार दोन्ही अगदी निरोगी शौचाचे क्रमांक आहेत. पोट फुगणं, दुखणं यांत एकूण गटात स्पष्ट फरक निघाला नाही. आणखी एक गोष्ट मला खटकते. बीसीएम-७ जर अफूसारखं काम करत असेल तर आतड्याची हालचाल मंदावून बद्धकोष्ठ व्हायला हवा. इथे तर शौच सैल झालं. आतड्याची जळजळ वाढून असं होत असेल असं एक स्पष्टीकरण दिलं जातं, पण निकाल आल्यावर शोधलेलं स्पष्टीकरण आणि आधीच वर्तवलेला निकाल यांना मी सारखं वजन देत नाही.

२०१६ मध्ये शांघायमध्ये ४५ जणांवर चौदा-चौदा दिवसांचा अभ्यास झाला. रोज दोनदा पाव-पाव लिटर. नेहमीच्या दुधावर पोटाच्या तक्रारी वाढल्या, ए-टूवर वाढल्या नाहीत. वर्षभराने चीनच्या तीन शहरांत ६०० जणांना एकदाच ३०० मिली दूध देऊन पाहिलं. हे सगळे ‘आम्हाला दूध सोसत नाही’ असं स्वतः सांगणारे लोक. ए-टू प्यायल्यावर पुढच्या बारा तासांत तक्रारी कमी निघाल्या. या चिनी अभ्यासांचा खर्च ए-टू दूध विकणाऱ्या कंपनीनेच केला होता. पद्धत व्यवस्थित होती, त्यामुळे निकाल फेकून द्यावे असं मी म्हणत नाही. ज्यांना दूध सोसत नाही त्यांपैकी काहींना ए-टूने थोडा आराम पडत असेल, ही शक्यता मी उघडी ठेवतो. त्यापलीकडे, दूध आधीच नीट पचणाऱ्या माणसाला ए-टूने काही जास्तीचं मिळतं असं या अभ्यासांतून निघत नाही.

पण हे निकाल आपल्याकडे आणताना एक मोठा फरक ध्यानात घ्यायला हवा, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे. परदेशातलं ‘नेहमीचं दूध’ म्हणजे युरोपीय गाईंचं दूध. होल्स्टीन जातीत ए-वनचं जनुक भरपूर असतं, आणि शांघायच्या अभ्यासातल्या नेहमीच्या दुधात बीटा-केसीनपैकी साधारण चाळीस टक्के ए-वन होतं. आपल्याकडचं नेहमीचं दूध तसं नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने १५ देशी जातींच्या सहाशेहून अधिक जनावरांची तपासणी केली. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षात ए-टू जनुकाचं प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर निघालं. त्यांनी तपासलेल्या म्हशींच्या आठही जातींत तर फक्त ए-टूच सापडलं.

म्हैस! महाराष्ट्रात वर्षानुवर्षं घरोघरी म्हशीचं दूध पितात, आणि ते सगळं ए-टू आहे. बाटलीवर तसं लिहिलेलं नसतं एवढंच.

पिशवीच्या दुधाचा हिशेब करून बघू. समजा शंभर लिटरच्या मिश्रणात चाळीस लिटर म्हशीचं आणि साठ लिटर संकरित गाईंचं आहे. प्रत्येक गाय आईकडून एक आणि बापाकडून एक असं जनुक घेते. एक ए-वन आणि एक ए-टू असेल तर तिच्या दुधात दोन्ही प्रथिनं जवळपास अर्धी-अर्धी येतात. समजा त्या कळपातल्या दहातल्या चार गाई अशा आहेत आणि सहा पूर्ण ए-टू. मग गाईच्या साठ लिटरमधलं वीस टक्के, म्हणजे बारा लिटरच्या तोलाचं बीटा-केसीन ए-वन झालं. शंभर लिटरच्या मानाने बारा टक्के. म्हशीच्या दुधात केसीन जास्त असतं, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमी. कळपाप्रमाणे हा आकडा खालीवर होईल, आणि फक्त गाईचं दूध असलेल्या पिशवीत तो जास्त येईल. तरी चाळीस टक्क्यांच्या दुधाशी तुलना करून जो बारीक फरक मिळाला, तो अशा पिशवीच्या तुलनेत आणखी बारीक होणार, हे उघड आहे.

याची दुसरी बाजूही बघा. ‘देशी’ आणि ‘ए-टू’ हे एक नव्हेत. होल्स्टीन आणि जर्सीच्या वळूंमध्येही दोन्ही जनुकं ए-टू असलेले वळू आहेत आणि रेतनाच्या यादीत तसं छापलेलं असतं. उलट, गीरसारख्या दिसणाऱ्या गाईच्या आजीला कधीतरी संकरित रेतन झालेलं असेल तर वशिंड आणि लांब कान दिसत असूनही ती एक ए-वन जनुक घेऊन उभी असू शकते. डोळ्यांनी, चवीने, सायीच्या जाडीने किंवा रंगाने हे कळत नाही. गाईच्या दुधाचा पिवळसरपणा कॅरोटीनचा असतो आणि तो चाऱ्यावर व जातीवर ठरतो. शेपटीचे केस मुळासकट उपटून पाठवले की जनुक तपासून मिळतं. प्रत्येक गाईची ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका गोठ्याचे नमुने आले होते. मालक अगदी सरळ माणूस, सगळ्या गाई गीर म्हणून विकत घेतलेल्या. तीन गाईंमध्ये ए-वन निघालं आणि नेमक्या त्याच जास्त दूध देणाऱ्या होत्या. त्याची फसवणूक आधीच्या विक्रेत्याने केली होती आणि तो नकळत ती पुढे नेत होता. तेव्हा तुमच्या गोठेवाल्यांना गाईंच्या बिल्ला क्रमांकासह तपासणीचा कागद मागा. दूध कमी पडलं तर बाहेरून घेता का, तेही विचारा, कारण शुद्ध कळपाचं दूध बाहेरच्या दोन कॅनने एका संध्याकाळीत मिश्र होतं.

ते ए-टू तूपही देत असतील तर ते त्या नावासाठी घेऊ नका. तूप म्हणजे ९९.५ टक्के स्निग्धांश. लोणी कढवताना प्रथिन बेरीत जातं. जिथे बीटा-केसीनच उरलेलं नाही तिथे ते ए-वन की ए-टू या प्रश्नाला अर्थ नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २१ ऑगस्ट २०२४ रोजी दूध आणि दुग्धपदार्थांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढून टाकायचा आदेश काढला होता. पाचच दिवसांत, २६ ऑगस्टला, संबंधितांशी आणखी चर्चा करायची म्हणून तो मागे घेतला. आदेश मागे घेतला म्हणजे दाव्याला मान्यता मिळाली, असं काही विक्रेते सांगतात. तसं नाही.

आता सासऱ्यांची चाचणी. दूध प्यायल्यावर पोट फुगण्याचं आपल्याकडचं सर्वात नेहमीचं कारण लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. वय वाढतं तसं ती पचवणारं विकर कमी होत जातं. पाव लिटर दुधात साधारण बारा ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि ते ए-वन दुधात, ए-टू दुधात आणि म्हशीच्या दुधातही जवळपास तेवढंच. त्यामुळे आधी लॅक्टोज आणि प्रथिन यांना वेगळं करायला हवं. लॅक्टोज-फ्री दुधाने ते जमतं, कारण त्यात साखर तोडलेली असते पण केसीन जसंच्या तसं असतं.

पहिले चार दिवस दूध, दही, ताक, पनीर सगळं बंद ठेवा. चहा कोरा. मग चार दिवस नाश्त्याबरोबर पाव लिटर साधं गाईचं पिशवीचं दूध द्या. तीन दिवस बंद. मग चार दिवस तेवढंच लॅक्टोज-फ्री. पुन्हा तीन दिवस बंद. मग चार दिवस गोठ्यावरचं ए-टू. रोज पाव लिटर म्हणजे तुम्हाला ते एक लिटरच लागेल, रतीब लावायची गरज नाही. तिन्ही दुधं सारखीच उकळा आणि साय काढून घ्या, नाहीतर स्निग्धांशाचा फरक मध्ये येतो. कुठलं दूध चालू आहे हे सासऱ्यांना सांगू नका. लॅक्टोज-फ्री दूध चवीला जरा गोड लागतं, कारण साखर तुटून ग्लुकोज सुटं होतं. त्यामुळे तिन्हींत सारखी वेलची आणि थोडी साखर घाला, म्हणजे ओळखू येणार नाही. त्यांना मधुमेह असेल तर साखर वगळून हळद-सुंठ घाला. रोज संध्याकाळी त्यांना विचारून फुगणं, गुडगुडणं आणि दुखणं यांना शून्य ते दहा असे गुण लिहा. किती वेळा शौचाला गेले तेही लिहा.

साध्या दुधावर त्रास, लॅक्टोज-फ्रीवर आराम आणि ए-टूवर पुन्हा त्रास झाला, तर दोष लॅक्टोजचा. मग दही-ताक, किंवा दूध थोडं-थोडं करून जेवणाबरोबर, किंवा लॅक्टोज-फ्री, यातलं जे सोयीचं ते घ्या. साध्यावर आणि लॅक्टोज-फ्रीवर दोन्हीकडे त्रास आणि फक्त ए-टूवर आराम पडला, तर क्रम उलटा करून चाचणी एकदा पुन्हा करा. पुन्हा तेच आलं तर सासऱ्यांसाठी ए-टू घ्यायला माझी हरकत नाही, आणि मग म्हशीचं दूध साय काढूनही करून बघा, तेही ए-टूच आहे आणि स्वस्त पडतं. तिन्हींवर त्रास झाला आणि दूध बंद असतानाही तो राहिला, तर कारण बहुधा दुधाबाहेर आहे. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री पोटदुखीने जाग येत असेल तर चाचणीत दिवस घालवू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

हे नाव न कळू देण्याचं मी इतकं का सांगतोय, ते माझ्या काकांवरून. ए-टू सुरू केल्यापासून पोट शांत झालं असं ते दोन महिने सांगत होते. मी हीच चाचणी केली तर त्यांच्या गुणांत साधं दूध आणि ए-टू यांत फरकच दिसेना. मग काकूंकडे चौकशी केली. पूर्वी ते रात्री झोपताना उपाशीपोटी मोठा तांब्याभर दूध प्यायचे. महाग दूध आल्यावर काकू सकाळी भाकरीबरोबर अर्धा कप द्यायला लागल्या. एका वेळी पोटात जाणारं लॅक्टोज वीस ग्रॅमवरून पाच-सहा ग्रॅमवर आलं होतं. आराम खरा होता, कारण मात्र वेगळं.

मुलाबाबत एकच सावधगिरी. दूध प्यायल्यावर अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, लगेच उलटी किंवा धाप लागणं असं कधी झालं असेल तर ती दुधाची अॅलर्जी असू शकते, आणि अशा मुलाला ए-टू दूध सुरक्षित नाही. ६७ व्या जागेचा मणी सोडला तर बाकी सगळी प्रथिनं तीच आहेत. असं काही नसेल तर सध्याचंच दूध चालू ठेवा, दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे. त्याहून जास्त दिलं तर मुलं जेवत नाहीत आणि लोह कमी पडतं.

आणि गोठ्यावरचं दूध चाचणीसाठी आणाल तेव्हा ते कच्चं असणार. “आमचं शुद्ध आहे, धारोष्ण प्या” असं सांगितलं तरी तसं देऊ नका. निरोगी दिसणाऱ्या गाईच्या दुधातूनही ब्रुसेलोसिस आणि क्षय येऊ शकतो. घरी आल्या आल्या ढवळत उकळी आणा, उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं मंद आचेवर ठेवा, आणि निवलं की लगेच फ्रिजमध्ये.